निळ्या डोळ्यांत निळा रंग नसतो : बुबुळाच्या रंगाविषयी ग्राहकांसाठी माहिती

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला येणारे ग्राहक आणि परदेशातल्या नातवंडाचा फोटो मोबाइलवर दाखवणारे आजी-आजोबा आमच्या दुकानात दोन प्रश्न हमखास विचारतात. निळ्या डोळ्यांत निळा रंग येतो कुठून, आणि आई-वडील दोघांचे डोळे तपकिरी असताना मुलाचे निळे कसे होतात? काउंटरवर उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर दिले आहे.

डोळ्याच्या मधोमध दिसणारे काळे छिद्र म्हणजे बाहुली आणि तिच्याभोवतीचे रंगीत कडे म्हणजे बुबुळ. बुबुळाला पुढचा आणि मागचा असे दोन थर असतात. मागचा थर अतिशय पातळ, पण मेलॅनिन या गडद रंगद्रव्याने गच्च भरलेला असतो. डोळे काळे असोत, घारे असोत वा निळे, हा मागचा काळोखा पडदा जवळजवळ प्रत्येकाच्या डोळ्यात सारखाच असतो. जन्मतः मेलॅनिनच कमी असणाऱ्या काही व्यक्ती तेवढ्या याला अपवाद आहेत. फरक पडतो तो पुढच्या थरात. हा थर बारीक तंतूंच्या सैलसर जाळीचा असतो आणि त्या जाळीतील पेशींत मेलॅनिन किती आहे, यावर डोळ्यांचा रंग ठरतो. मेलॅनिन भरपूर असेल तर आत शिरलेला बहुतेक प्रकाश तेथेच शोषला जातो आणि बुबुळ गडद तपकिरी दिसते. ज्यांना आपण ‘काळेभोर डोळे’ म्हणतो तेही खरे पाहता गडद तपकिरीच असतात.

निळ्या डोळ्याच्या पुढच्या थरात मेलॅनिन फारच थोडे असते. त्यामुळे पांढरा प्रकाश त्या जाळीत आतवर शिरतो. त्यातील तांबड्या-पिवळ्या छटांच्या लांब लहरी तंतूंना फारशा न अडखळता मागच्या काळ्या थरापर्यंत पोहोचतात आणि तेथे शोषल्या जातात. निळ्या छटेच्या आखूड लहरी मात्र तंतूंवर आदळून चहूकडे विखुरतात आणि त्यांतील काही परत बाहेर येतात. बाहेर आलेला तो प्रकाश आपल्याला निळा दिसतो. माणसाच्या बुबुळात निळ्या रंगाचे द्रव्यच नसते. तेथे असते ती रंगहीन जाळी आणि तिच्यामागचा काळोख.

हे घरीही पाहता येते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे चार-पाच थेंब ढवळा, पेल्यामागे काळे कापड धरा आणि अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्चचा पांढरा झोत टाका. पाण्यावर फिकट निळसर झाक दिसेल. मग टॉर्च पेल्याच्या मागे धरून तिच्याकडे पाण्यातून पाहिले, तर तोच प्रकाश पिवळसर वाटेल. दूधही पांढरे आणि पाणीही बिनरंगी, तरी निळाई दिसतेच. चुलीचा विरळ धूर काळ्या भिंतीसमोर निळसर दिसतो आणि उजेडासमोर तपकिरी, ते याच कारणाने.

घारा डोळा या दोहोंच्या मधला असतो. पुढच्या थरात थोडे मेलॅनिन असते, त्याची पिवळसर-तपकिरी छटा मागून विखुरणाऱ्या निळाईत मिसळते आणि हिरवट किंवा मधासारखा रंग तयार होतो. उजेड बदलला की असे डोळे वेगळे भासतात, त्याचेही कारण हेच. (तेव्हा फोटोवरून लेन्सची छटा ठरवू नये, ही आमची नेहमीची विनंती.)

आता वारशाकडे येऊ. तपकिरी रंग प्रभावी आणि निळा अप्रभावी, हा ठोकळ नियम अमेरिकेत डॅव्हेनपोर्ट दांपत्याने १९०७ मध्ये मांडला. त्यामागचे मुख्य कारण २००८ मध्ये स्पष्ट झाले. पंधराव्या गुणसूत्रावर OCA2 नावाचे जनुक आहे आणि मेलॅनिन तयार होण्यासाठी त्याची गरज लागते. त्याच्या शेजारच्या HERC2 या जनुकात एक लहानसा भाग OCA2 चा जणू नळ म्हणून काम करतो. कोपनहेगनच्या हान्स आयबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, निळ्या डोळ्यांच्या लोकांत या नळापाशी एका अक्षराचा बदल झालेला असतो. जनुक शाबूत राहते, पण नळ आवळला जातो आणि बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन कमी तयार होते. डेन्मार्कप्रमाणेच तुर्कस्तान आणि जॉर्डनमधल्या निळ्या डोळ्यांच्या व्यक्तींतही हाच बदल सापडल्यामुळे तो एका समान पूर्वजाकडून पसरला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

प्रत्येकाला या जागेच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. उघड्या नळाच्या प्रतीला ‘त’ आणि आवळलेल्या नळाच्या प्रतीला ‘न’ म्हणू. समजा, पुण्याच्या एका तरुणाने डेन्मार्कच्या निळ्या डोळ्यांच्या तरुणीशी लग्न केले. त्याच्या दोन्ही प्रती ‘त’, तिच्या दोन्ही ‘न’. त्यांच्या मुलीला ‘त-न’ मिळणार आणि तिचे डोळे तपकिरी होणार, कारण उघडा नळ एक असला तरी बहुधा पुरेसा होतो. निळा रंग घराण्यातून गेला असे सगळ्यांना वाटते, पण ‘न’ प्रत मुलीकडे जशीच्या तशी असते. पुढे तिने तपकिरी डोळ्यांच्या, पण ‘त-न’ प्रती असलेल्या डॅनिश मुलाशी लग्न केले, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला ‘न-न’ मिळण्याची शक्यता चारात एक असते. नवरा निळ्या डोळ्यांचा असेल तर ती दोनात एक होते. आजीचा रंग असा एक पिढी ओलांडून नातवात उमटतो. ‘चारात एक’ याचा अर्थ चौथे मूल निळ्या डोळ्यांचे होणार, असा मात्र नाही. प्रत्येक वेळी डाव नव्याने मांडला जातो, आणि अशा जोडप्याला चार मुले झाली तरी एकाचेही डोळे निळे नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते.

हा हिशेब सोयीचा असला तरी पूर्ण नाही. २०२१ मध्ये सुमारे १,९५,००० लोकांच्या पाहणीतून डोळ्यांच्या रंगावर परिणाम करणाऱ्या डझनावारी जागा समोर आल्या. म्हणून ‘न-न’ असूनही डोळे हिरवट किंवा फिकट तपकिरी असू शकतात, आणि क्वचित निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचे मूलही होते. आपल्याकडे घारे डोळे म्हटले की कोकणस्थ घराणी आठवतात, पण ते इतर समाजांतही दिसतात आणि प्रत्येक घाऱ्या डोळ्यामागे हाच एक बदल असतो असे धरून चालता येत नाही. तेव्हा डोळ्यांच्या रंगावरून कुणाच्या पितृत्वाविषयी तर्क लढवणे सर्वस्वी चुकीचे आहे. असा प्रश्न घेऊन लोक आमच्याकडेही आलेले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

लेन्सविषयी एवढेच, की गडद बुबुळावर फिकट पारदर्शक छटेची लेन्स दिसून येत नाही, कारण खालून परत येणारा प्रकाशच थोडा असतो. त्यावर अपारदर्शक ठिपक्यांची छपाई असलेली लेन्स लागते आणि त्या लेन्सवरचा निळा रंग मात्र खराखुरा रंगच असतो. चष्म्याचा नंबर नसला तरी अशी लेन्स डोळे तपासून घेतल्याशिवाय आम्ही देत नाही.

काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्टसारखे थेंब वापरणाऱ्यांचे घारे डोळे हळूहळू तपकिरी होऊ शकतात. त्या थेंबांमुळे मेलॅनिन वाढते आणि थेंब थांबवले तरी मूळ रंग बहुधा परतत नाही. मात्र या कारणाने स्वतःहून थेंब बंद करू नयेत. तसे काही औषध चालू नसताना प्रौढ वयात एकाच डोळ्याचा रंग बदलू लागला, तर लेन्स घ्यायला येण्याआधी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.