ओळख लपवून निरीक्षण करायचंय? नीतिसमितीकडे सहमती-माफीचा अर्ज असा करा

समजा, ठाण्याची एक पीएचडी विद्यार्थिनी रबाळे एमआयडीसीतल्या पॅकिंग गोदामात कामगार म्हणून लागणार आहे. हजेरी, ओव्हरटाइम आणि मुकादमाची वागणूक तिला आतून पाहायची आहे. संशोधक म्हणून गेली तर सगळे सावरून वागतील, म्हणून ती ओळख सांगणार नाही.

अशा संशोधनाला संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते, आणि तीही पहिल्या पाळीआधी. काम आटोपून घेतलेल्या परवानगीला अर्थ नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहमती-माफीची, म्हणजे लोकांची आधी सहमती न घेता संशोधन करू देण्याची, सोय आहे, पण ती हक्काने मिळत नाही. जोखीम किमान असावी आणि सहमती घेऊन हे संशोधन करणं व्यवहार्य नसावं. ‘सहमती घेणं अवघड जाईल’ एवढं कारण पुरत नाही. नोकरी सोडलेल्या कामगारांच्या उघड मुलाखतींतून हीच माहिती का मिळणार नाही, हे पटवावं लागतं. माझ्या मते निम्मे अर्ज इथेच मागे घ्यायला हवेत.

अर्जासोबत संशोधन आराखडा, मार्गदर्शकांचं पत्र, माफीचं कारण, नोंदी ठेवण्याची पद्धत आणि काम संपल्यावर कामगारांना काय सांगणार त्याचा मराठी-हिंदी मसुदा जोडा.

ठेकेदाराचं परवानगीपत्र जोडलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. उलट, घोटाळा तिथेच होतो. मालकाला माहीत आणि कामगारांना नाही, म्हणजे तुम्ही त्यांच्या नजरेत मालकाचे खबरे. ठेकेदाराचा होकार कामगाराच्या वतीने चालत नाही, आणि ठेकेदाराला कोणत्याही नोंदी दाखवणार नाही हे अर्जात स्पष्ट लिहा.

नाव गुप्त ठेवण्याच्या रकान्यात ‘नावं बदलू’ एवढंच लिहिलं तर समिती अर्ज परत पाठवते, आणि योग्यच करते. ‘रात्रपाळीत टेप मारणारा, दोन बोटं गमावलेला कामगार’ असं छापलं, तर त्याचं नाव काहीही ठेवा, मुकादम पहिल्याच ओळीत ओळखेल. वाचणारा परका असेल असं धरून चालू नका; सर्वांत धोक्याचा वाचक त्याच गोदामात असतो. म्हणून पाळी बदला, दोघांचे तपशील एकत्र करा, गोदामाचा परिसर मोघम ठेवा. पण बोटांची दुखापत हाच निष्कर्ष असेल, तर ती झाकता येत नाही. मग छापण्याआधी त्या माणसाला सगळं सांगून विचारावंच लागतं. रोजच्या वहीतही सुरुवातीपासून सांकेतिक खुणाच वापरा, खुणांची यादी वेगळी कुलूपबंद ठेवा. वही पोलीस किंवा कोर्ट मागवू शकतं, तेव्हा ‘कुणालाही कळणार नाही’ असं वचन देऊ नका.

निरीक्षण संपल्यावर प्रत्येकाला खरी ओळख सांगायची आणि ‘माझ्याबद्दलचं वगळा’ म्हणण्याची संधी द्यायची. त्यासाठी मुदत किती, कुठल्या नंबरवर कळवायचं, हे मसुद्यात हवं. कुणी नकार दिला तर त्याच्याबद्दलच्या नोंदी प्रबंधात येत नाहीत, मग त्यावर अख्खं प्रकरण उभं असलं तरी.