झोपेपूर्वीची प्रथिने आणि रात्रीची कर्बोदके

झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी मुद्दाम घेतलेल्या प्रथिनयुक्त खाण्याला क्रीडा-आहारशास्त्रात ‘झोपेपूर्वीची प्रथिने’ म्हणतात. दूध, पनीर, अंडी किंवा प्रोटीन पावडर हे त्याचे नेहमीचे प्रकार. रात्रभर स्नायूंची डागडुजी व्हावी, हा त्यामागचा हेतू. त्याच्या जोडीला एक जुना प्रश्न येतो: रात्री भाकरी-भातासारखी कर्बोदके खाल्ली तर चरबी वाढते का? मराठवाड्यात हे दोन्ही प्रश्न सगळ्यात जास्त पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पडतात. संध्याकाळी मैदानावर गोळा आणि जोर-बैठका, रात्री मेसचा डबा आणि पहाटे पाचला पुन्हा १६०० मीटरची धाव, असा त्यांचा दिवस असतो.

झोपेत पोट बंद पडत नाही. झोपण्याआधी घेतलेली प्रथिने नीट पचतात आणि त्यांतली अमिनो आम्ले रात्रभर रक्तात उतरत राहतात. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवले. संध्याकाळी वजनांचा व्यायाम केलेल्या तरुणांना झोपताना ४० ग्रॅम केसीन दिले, तेव्हा रात्रीत स्नायूंमध्ये प्रथिने तयार होण्याचा वेग सुमारे २२ टक्क्यांनी जास्त आढळला. केसीन हे दुधातले हळू पचणारे प्रथिन. दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास ८० टक्के तेच असते.

इथे हिशेब नीट लावावा लागतो. गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे केसीन २६ ग्रॅमच्या आसपास. प्रयोगातले ४० ग्रॅम केसीन गाठायला झोपताना दीड लिटर दूध प्यावे लागेल. रात्रीच्या एका ग्लासात (२५० मिलि) प्रथिने जेमतेम ८ ग्रॅम. म्हणून ‘रात्री ग्लासभर दूध प्यायलं की अंगाला लागतं’ हे प्रयोगातल्या मात्रेला लागू पडत नाही. ग्लासभर दूध चांगलेच, पण ते दिवसभराच्या बेरजेत एक भर म्हणून.

पुढचा प्रयोग १२ आठवड्यांचा होता. व्यायाम करणाऱ्या एका गटाला रोज रात्री २७.५ ग्रॅम प्रथिने आणि थोडी कर्बोदके दिली, दुसऱ्याला उष्मांक नसलेले पेय. पहिल्या गटाची ताकद आणि मांडीचा स्नायू जास्त वाढला. पण त्या गटाला दिवसभरात प्रथिनेही जास्त मिळत होती, म्हणून फायदा रात्रीच्या वेळेचा की वाढलेल्या बेरजेचा, हे त्यातून ठरत नाही. तेवढीच प्रथिने एका गटाला सकाळी आणि दुसऱ्याला रात्री देऊन पाहिली, तेव्हा शरीराच्या घडणीत फरक दिसला नाही. पारडे बेरजेकडे झुकते. झोपेपूर्वीचे खाणे ही त्या बेरजेतली सोयीची जागा, कारण रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत आठ-दहा तास जातात.

लातूरच्या एखाद्या खोलीवर राहणाऱ्या ६५ किलोच्या मुलाचे उदाहरण घेऊ. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे याला सुमारे १०४ ग्रॅम. सकाळी पोहे, त्यात चमचाभर शेंगदाणे: ६ ग्रॅम. दुपारी तीन चपात्या, वाटीभर वरण, भाजी आणि भात: २३ ग्रॅम. संध्याकाळी चहा-बिस्किटे: ३ ग्रॅम. रात्री ८०-८० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी आणि ४० ग्रॅम बेसनाचे पिठले: २५ ग्रॅम. बेरीज ५७. पिठले-भाकरी हे चांगले जेवण आहे, कमी पडते ती दिवसभराची गोळाबेरीज. दुपारच्या भाजीत ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून घातले की २६ ग्रॅम मिळतात. झोपताना दोन उकडलेली अंडी आणि ग्लासभर दूध घेतले की आणखी २० ग्रॅम. बेरीज १०३ वर जाते, आणि महागडी पावडर विकत घ्यावी लागत नाही. अंडी न खाणाऱ्याने ६० ग्रॅम पनीर घ्यावे, त्यात साधारण ११ ग्रॅम प्रथिने असतात.

आता भाकरीबद्दल. याच मुलाची संध्याकाळची मेहनत आणि पहाटेची धाव यांत नऊ-दहा तासांचेच अंतर असते. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या कर्बोदकांचा, साठा तेवढ्यात भरायला रात्रीची कर्बोदकेच लागतात. त्या दोन भाकरींतून सुमारे ११० ग्रॅम कर्बोदके येतात, वाटीभर भाताने आणखी ४०. वजन कमी करायचे म्हणून रात्री नुसती काकडी आणि वरणाचे पाणी घेतले, तर पहाटे तिसऱ्या फेरीला पाय जड होतात. वेळ आधी चांगली येत असेल आणि भाकरी सोडल्यापासून घसरली असेल, तर कारण बहुधा ताटात सापडते.

चरबीचे गणित दिवसाच्या उष्मांकांवर चालते, घड्याळावर नाही. इस्राएलमध्ये ७८ पोलिसांवर सहा महिने प्रयोग झाला. कमी उष्मांकांचाच आहार, पण एका गटाची बहुतेक कर्बोदके रात्रीच्या जेवणात ठेवली होती. त्या गटाचे वजन कमी होणे थांबले नाही, उलट किंचित जास्त उतरले. मात्र जेवणावर वरून रोज ३०० उष्मांकांचा साखर घातलेला मसाला दूध-बदाम शेक सुरू केला, तर महिन्यात ९००० उष्मांक साचतात. कागदावर ती किलोभराहून जास्त चरबी होते, आणि तो शेक सकाळी घेतला तरी तितकीच.

काटा मात्र फसवतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठते. दोन दिवस भाकरी बंद ठेवून तिसऱ्या रात्री भाकरी, भात, ठेचा आणि लोणचे पोटभर खाल्ले, तर सकाळी काटा किलोभर वर दिसू शकतो. ते पाणी आणि मीठ असते. चरबी वाढली का ते पाहायचे असेल, तर आठवड्यातले तीन-चार दिवस सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करून सरासरी काढावी आणि बेंबीवर टेप लावून कंबर मोजावी. दोन-तीन आठवडे दोन्ही वाढत राहिले तरच ती चरबी समजावी.

वेळेची खरी अडचण दोन ठिकाणी येते. साडेनऊला तेलकट, तिखट जेवण आणि दहाला आडवे होणे, त्यावर दूध-अंडी, असे केले की आंबट ढेकरा येतात, छातीत जळजळते आणि झोप तुटते. तुटलेल्या झोपेचे नुकसान २० ग्रॅम प्रथिने भरून काढत नाहीत. जेवण झोपेच्या दोन-अडीच तास आधी उरकावे आणि झोपतानाचे खाणे कमी तेलाचे, हलके ठेवावे. म्हशीच्या घट्ट दुधाने जड वाटत असेल तर साय काढून घ्यावे.

दुसरी अडचण मधुमेहाची. झोपेची वेळ जवळ येते तसे मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वाढते आणि इन्सुलिन कमी सुटते, त्यामुळे झोपायच्या तासभर आधी घेतलेली कर्बोदके चार तास आधी घेतलेल्यांपेक्षा साखर जास्त वाढवतात. अशा घरात भाकरी सात-साडेसातला खावी. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना रात्रीची भाकरी परस्पर बंद करू नये, कारण पहाटे साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटून, हात थरथरत जाग येणे ही त्याची खूण. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांची मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.