फोटोतल्या आलेखावरून समीकरण ओळखणे

हाताने काढलेल्या आलेखाचा फोटो आणि सोबत ‘हे काय आहे?’ एवढाच प्रश्न आला, की त्या वक्राला सर्वांत चांगले जुळणारे साधे समीकरण शोधावे लागते. मोजक्या बिंदूंमधून अगणित वक्र काढता येतात. त्यामुळे इथे उत्तर नेहमी ‘बहुधा’ असेच असते.

आधी फोटो सरळ आहे का ते अक्षांवरच्या आकड्यांवरून पाहतात. आकडे आरशातल्यासारखे उलटे दिसले तर डावे-उजवे बदललेले असते. तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत लांबचे चौकोन लहान दिसतात, म्हणून पडद्यावर पट्टी लावून मोजू नये. बिंदू कोणत्या दोन रेघांच्या मध्ये पडतो ते चौकोन मोजून ठरवावे.

समजा, वक्र डावीकडे खालून वर येतो, X-अक्षाला −1 वर छेदतो, Y-अक्षाला 4 वर छेदतो, मग उतरून 2 वर X-अक्षाला नुसता टेकतो आणि पुन्हा वर जातो. वक्र जिथे अक्ष ओलांडतो तिथे बहुधा साधे मूळ, जिथे टेकून परततो तिथे बहुधा दुहेरी मूळ. म्हणून रूप ठरते y = a(x + 1)(x − 2)². x = 0 ठेवल्यास y = 4a येते. आलेखात ती किंमत 4 आहे, म्हणजे a = 1. विस्तार केल्यावर y = x³ − 3x² + 4.

पडताळा मात्र न वापरलेल्या माहितीवर घ्यावा. या बहुपदीचे शिखर नेमके x = 0 वर येते आणि x = 1 असताना y = 2 मिळते. तेच बिंदू वापरून y = ¼(x + 1)(x − 2)⁴ हेही लिहिता येते, पण त्याचे शिखर x = −0.4 वर, साधारण 5 उंचीचे असते आणि x = 1 वर y फक्त 0.5 भरते. फोटोतले शिखर Y-अक्षाच्या डावीकडे सरकलेले आणि 2 जवळचा तळ पसरट दिसला, तर हा दुसरा पर्याय खरा मानावा. अर्थात, हाताने काढलेल्या वक्राचा तळ बरेचदा उगाचच पसरट होतो. शिखराची जागा अधिक भरवशाची. तळाशी गोलाईऐवजी टोक असेल तर बहुपदी सोडून निरपेक्ष मूल्याचा विचार करावा, मात्र पेन्सिल तिथे थांबून परत फिरली नाही ना, हे फोटो मोठा करून पाहावे.

अक्षांवर आकडेच नसतील तर a काढता येत नाही. ‘प्रमाण: 1 सेमी = 1 एकक’ अशी नोंद कोपऱ्यात असते; फोटो कापताना तीच बहुधा निघून जाते. अशा वेळी पूर्ण पानाचा फोटो मागवावा, किंवा एका चौकोनाला एक एकक धरले आहे असे उत्तरात लिहून समीकरण द्यावे.