साडेतीन किलो फुकटचा ऑक्सिजन

एक किलो पेट्रोल जाळलं की साधारण १२ युनिट ऊर्जा सुटते. युनिट म्हणजे आपलं विजेच्या मीटरवरचंच, किलोवॅट-तास. मोटारीतल्या बॅटरीत मात्र पेटी, तारा, थंड ठेवण्याची सोय असं सगळं वजन धरलं तर किलोमागे जेमतेम ०.१६ युनिट मावतं. फरक पंचाहत्तर पटींचा! पण पेट्रोलच्या या आकड्यात थोडी लबाडी आहे.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण. हिशेबापुरतं ऑक्टेन घेऊ. ११४ ग्रॅम ऑक्टेन पुरतं जळायला ४०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे किलोला साडेतीन किलो. हा ऑक्सिजन टाकीत नसतो, इंजिन तो वाटेतल्या हवेतून ओढून घेतं. जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफही सायलेन्सरमधून बाहेर पडते. हाच ऑक्सिजन गाडीत वाहून न्यायचा ठरला, तर किलोमागे पावणेतीन युनिटही हाती लागणार नाहीत.

बॅटरीला ही सवलत नाही. ती बंद डबी. अभिक्रियेतले दोन्ही भिडू आतच. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी बघा. त्यात धावपळ करतं ते लिथियम फक्त ७ ग्रॅम. पण चार्ज झाल्यावर त्याला बसायला ग्राफाइटचा ७२ ग्रॅम कार्बन लागतो, आणि वीज देऊन झाल्यावर परतायला लोह-फॉस्फेटचं १५१ ग्रॅमचं घर. एवढं २३० ग्रॅमचं बिऱ्हाड हलवून प्रत्येक लिथियम अणूमागे एकच इलेक्ट्रॉन मिळतो. ऑक्टेनचा एक रेणू जळताना ५० इलेक्ट्रॉनांची देवघेव होते. त्यामुळे या जोडीची कागदावरची कमाल मर्यादाच किलोला ०.३७ युनिटच्या आसपास येते. तांबं-ॲल्युमिनियमचे पत्रे, विद्युत-अपघटनी द्राव आणि पेटीचं वजन त्यात मिळवलं की ती निम्म्याहून खाली घसरते.

आता चाकापर्यंत किती पोचतं ते पाहू. पेट्रोल इंजिन पाऊण ऊर्जा उष्णतेत घालवतं, विजेची मोटार जेमतेम दहा-पंधरा टक्के. पंचाहत्तर पटींचा फरक इथे वीसेक पटींवर येतो. लहान गाडीला ४०० किलोमीटर जायला २२ लिटर, म्हणजे सोळा-सतरा किलो पेट्रोल लागेल. विजेच्या गाडीला ६० युनिट, म्हणजे पावणेचारशे किलोंची बॅटरी. अवजड इंजिन आणि गिअरबॉक्स गेल्याने थोडं वजन वाचतं, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते. म्हणून मोटारीला हे ओझं पेलतं.

विमानाचं तसं नाही. तिथे प्रत्येक किलो पंखांवर तोलायचा असतो. शिवाय इंधन जळेल तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी उतरताना वजन उड्डाणाच्या वेळी होतं तेवढंच.