डायोडमधले ०.७ व्होल्ट मीटरला का सापडत नाहीत?

लातूरला बारावीच्या मुलांना अर्धवाहकांचे प्रकरण शिकवताना जवळजवळ दरवर्षी एखादा विद्यार्थी मल्टिमीटर घेऊन येतो. पुस्तकात म्हटले आहे की सिलिकॉनच्या पीएन जंक्शनवर, म्हणजे डायोडमधल्या पी आणि एन या दोन भागांच्या सीमेवर, सुमारे ०.७ व्होल्टचा विभवांतर-अडथळा आपोआप तयार होतो. मग जुन्या अडॅप्टरमधून काढलेल्या काळ्या डायोडच्या दोन टोकांना मीटर लावले तर शून्य का दिसते? या प्रश्नाचे उत्तर नीट शोधत गेले की डायोडचे जवळजवळ सगळे वागणे त्यातूनच उलगडते.

सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ५×१०²² अणू असतात. त्याच्या एका भागात बोरॉनचे आणि लगतच्या भागात फॉस्फरसचे १०¹⁶ अणू मिसळले, म्हणजे साधारण ५० लाख अणूंमागे एक, असे समजू. फॉस्फरसकडे बंधातून उरलेला एक इलेक्ट्रॉन असतो, तो एन भागात मोकळा फिरतो. बोरॉनला एक कमी पडतो, म्हणून पी भागात होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन प्रभारासारख्या फिरतात. दोन्ही भाग मुळात विद्युतदृष्ट्या उदासीन असतात. सीमेजवळचे इलेक्ट्रॉन मात्र दाटीकडून विरळतेकडे, म्हणजे पी भागात पसरतात, होल उलट दिशेने जातात, आणि भेट झाली की दोघेही संपतात. मागे उरतात ते जाळीत पक्के बसलेले, हलू न शकणारे आयन: एन बाजूला धन, पी बाजूला ऋण. सीमेवरचा हाच पट्टा म्हणजे डिप्लीशन रीजन. तो ‘रिकामा’ असतो तो केवळ फिरत्या प्रभारांच्या अर्थाने. ‘तिथे प्रभारच नसतो’ हे उत्तरपत्रिकांत वारंवार दिसणारे वाक्य चूक आहे.

या स्थिर प्रभारांमुळे एनकडून पीकडे विद्युतक्षेत्र उभे राहते आणि ते नव्याने येऊ पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना मागे ढकलते. पट्टा रुंदावत जातो तसा हा विरोध वाढतो, आणि पसरण्याची ओढ व क्षेत्राचा रेटा तंतोतंत बरोबरीला आले की वाढ थांबते. आपल्या उदाहरणात, खोलीच्या तापमानाला, हा अडथळा सुमारे ०.७१ व्होल्ट आणि पट्ट्याची रुंदी सुमारे ०.४३ मायक्रोमीटर येते. एवढ्याशा अंतरात एवढे विभवांतर म्हणजे सर्वाधिक क्षेत्र सेंटिमीटरला ३३ हजार व्होल्टच्या घरात, ज्या क्षेत्रात हवेतून ठिणगी पडू लागते. आणि तरीही डायोड टेबलावर थंड पडून असतो.

आता मीटर. मीटरच्या तारा पी आणि एन भागांना धातूच्या सांध्यांनी जोडल्या जातात आणि त्या सांध्यांवरही विभवांतर असते. सर्व भाग एकाच तापमानाला आणि अंधारात असतील, तर पूर्ण फेरीची बेरीज शून्य होते. तसे नसते तर डायोडला नुसती तार जोडली की प्रवाह कायमचा वाहिला असता आणि कुठलीही ऊर्जा खर्च न होता तार तापली असती. फळीवर डायोड जोडून ‘मोफत वीज’ दाखवणारे व्हिडिओ इथेच फसतात. उजेडाची गोष्ट वेगळी: काचेच्या आवरणाचा छोटा डायोड उन्हात धरला तर मीटर थोडे हलते, कारण तिथे प्रकाश ऊर्जा पुरवतो. १९४० मध्ये बेल लॅबमध्ये रसेल ओल यांना सिलिकॉनच्या तुकड्यातले जंक्शन सापडले तेही प्रकाश पडताच उठणाऱ्या व्होल्टेजमुळेच.

बॅटरीचे धन टोक पीला जोडले की अडथळा उतरतो. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा एकसारखी नसते. अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेले फार थोडे असतात, पण आदर्श डायोडमध्ये अडथळा ०.०६ व्होल्टने उतरला की त्यांची संख्या सुमारे दहापट होते. म्हणजे ०.३ व्होल्टला लाखपट. त्यामुळे ०.७ व्होल्टला एखादे फाटक उघडते असे नाही. प्रवाह आधीपासूनच वाढत असतो, तिथे तो आपल्या डोळ्यांत भरतो एवढेच. बॅटरी उलटी जोडली तर अडथळा चढतो, पट्टा रुंदावतो आणि ओलांडणारे जवळजवळ संपतात. उरतो तो पी भागातल्या मोजक्या इलेक्ट्रॉनांचा आणि एन भागातल्या मोजक्या होलांचा उतारावरून येणारा प्रवाह. ओढ्याला मुळात धार बोटभर असेल, तर कडा कितीही उंच केला तरी पाणी तेवढेच पडणार. म्हणूनच उलटा प्रवाह व्होल्टेजबरोबर फारसा वाढत नाही; फार मोठ्या व्होल्टेजला जंक्शन कोलमडते तोवर.

मीटर डायोडच्या खुणेवर ठेवले की ते स्वतः थोडा प्रवाह ढकलते आणि ०.५५ ते ०.६ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवते. तापमान एक अंशाने वाढले की हा आकडा सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतो. पुस्तकात लिहितात की डायोड चिमटीत धरल्यास आकडा कमी होतो. आमच्याकडे मे महिन्यात वर्गात ४२ अंश असताना एका मुलीने तो चिमटीत धरला आणि आकडा वाढला, तेव्हा वर्गाने मीटरला दोष दिला. मीटर बरोबर होते: बोटे त्या डायोडपेक्षा थंड होती.