‘स्टेज तर ठेकेदारानं बांधलं होतं’: एका बचावाचा दीडशे वर्षांचा प्रवास

उत्सवातलं स्टेज कोसळलं, समोरचे प्रेक्षक जखमी झाले, की आयोजकांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: आम्ही अनुभवी ठेकेदाराला काम दिलं होतं, बांधणी त्याची, चूकही त्याची. हा बचाव आजचा नाही. इंग्लंडमधल्या न्यायालयानं तो 1870 साली ऐकला होता आणि फेटाळला होता.

खटला होता ‘फ्रान्सिस विरुद्ध कॉक्रेल’. चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यतींसाठी आयोजकांनी नावाजलेल्या बांधकाम व्यावसायिकांकडून प्रेक्षकांचा तात्पुरता मंच उभारून घेतला. पैसे भरून त्यावर बसलेला एक प्रेक्षक मंच कोसळल्यानं जखमी झाला. आयोजकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता. ठेकेदार निवडतानाही त्यानं हयगय केली नव्हती, आणि मंचात दोष आहे हे त्याला माहीत नव्हतं. तरीही तो जबाबदार ठरला. न्यायालयाचं म्हणणं असं की, पैसे घेऊन लोकांना मंचावर बसवणारा माणूस तो मंच काळजीपूर्वक बांधलेला असल्याची हमीच देत असतो, बांधणारे हात कोणाचे का असेनात. मात्र कोणत्याही तपासणीत सापडला नसता असा छुपा दोष असेल, तर त्याची जबाबदारी आयोजकावर टाकायला न्यायाधीश तयार नव्हते.

पुढे इंग्लंडच्या संसदेनं ही रेघ आयोजकांच्या बाजूनं थोडी सरकवली. 1957च्या कायद्यानुसार जागा ताब्यात असणाऱ्यानं बाहेरच्या ठेकेदाराला काम देणं वाजवी होतं, ठेकेदार त्या कामात जाणकार आहे याची खात्री केली होती, आणि काम नीट झालंय हे शक्य तितकं पाहिलं होतं, तर ठेकेदाराच्या चुकीसाठी त्याला दोषी धरता येत नाही. या तरतुदीतला खरा जोर शेवटच्या अटीवर आहे. ठेकेदार नावाजलेला होता एवढं सांगून भागत नाही, त्यानं बांधलेलं पाहिलंत का, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न कसा अंगावर येतो हे पाहायला 2011 सालची अमेरिकेतली इंडियाना राज्याची जत्रा सगळ्यात उपयोगी आहे, कारण त्या घटनेची चौकशी अगदी खोलात झाली. 13 ऑगस्टची संध्याकाळ. ‘शुगरलँड’ या बँडचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता, प्रेक्षक जागेवर बसलेले होते. वादळ येतंय हे आयोजकांना कळलं होतं. निवेदकानं मंचावरून तसं सांगितलंही, पण कार्यक्रम होणार आहे, निघायची वेळ आली तर कुठून निघायचं, अशा थाटात. काही मिनिटांत वादळापुढचा वारा आला आणि दिवे-ध्वनियंत्रणा टांगलेला छताचा सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला. सात जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले.

अभियंत्यांच्या चौकशीत कारण सापडलं ते जमिनीलगत. असा सांगाडा उभा वजन बऱ्यापैकी पेलतो. त्याला उलथवतो तो आडवा वारा, आणि वाऱ्याला अडवतात ते ताण. इथे ताणांच्या तारा जमिनीत गाडलेल्या नांगरांना नव्हे, तर रस्त्यावर दुभाजक म्हणून ठेवतात तशा काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधलेल्या होत्या. वारा वाढला तसे ठोकळे जागचे घसरले, तारा सैलावल्या आणि सांगाडा एका बाजूला झुकत गेला. त्या रात्री वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 95 किलोमीटरपर्यंत गेला होता. नियमांनुसार सांगाडा सुमारे 109 किलोमीटरच्या वाऱ्यात टिकायला हवा होता. म्हणजे वादळ अभूतपूर्व होतं, दैवी कोप होता, असं म्हणायला जागा उरली नाही.

दुसरा अहवाल माणसांबद्दल होता, आणि मला तो जास्त बोचरा वाटतो. कार्यक्रम थांबवायचा अधिकार नक्की कोणाचा, हे कुणालाच स्पष्ट नव्हतं. जत्रेचे अधिकारी बँडच्या मंडळींशी बोलत होते, हवामान पाहत होते, पण ‘बंद करा, मैदान रिकामं करा’ हे म्हणायचं कुणी, हे आधी ठरलेलंच नव्हतं. आणीबाणीच्या योजनेचे कागद होते, त्यात वाऱ्याच्या अमुक वेगाला अमुक माणूस निर्णय घेईल असं काही नव्हतं.

राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागानं तिघांना दंड केला: सांगाडा पुरवणाऱ्या कंपनीला 63,000 डॉलर, मंच-कामगारांच्या संघटनेला 11,500 आणि जत्रेच्या आयोगाला 6,300. जखमींना भरपाई मिळण्याची वाट मात्र वेगळी होती. आयोग सरकारी, आणि इंडियानात एका घटनेसाठी सरकारची देणी 50 लाख डॉलरपर्यंत मर्यादित. विधिमंडळाला आणखी 60 लाख मंजूर करावे लागले, उरलेली मोठी रक्कम खासगी कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून आली.

या कागदपत्रांच्या गुंत्यात एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. सांगाडा पुरवणाऱ्या कंपनीनं म्हटलं, आमच्या बिलाच्या मागच्या बाजूला छापलंय की नुकसानीची भरपाई आयोग आम्हाला देईल. ते बिल घटनेनंतर सही होऊन मंजूर झालं होतं. 2016 साली इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, आधीच घडून गेलेल्या दुर्घटनेचा बोजा आयोगानं अशा सहीनं जाणूनबुजून स्वतःवर घेतला असं मानता येत नाही. मंडपवाल्याच्या बिलामागची बारीक अक्षरं आपल्याकडे कोण वाचतं?

भारतात 1957च्या इंग्लिश कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नाही, पण ठेकेदाराकडे बोट दाखवण्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. एप्रिल 2006 मध्ये मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कात ग्राहक-प्रदर्शनाच्या मंडपाला आग लागली आणि 65 जणांचा मृत्यू झाला. तिथे मंडप कोसळला नव्हता, जळला होता, पण प्रश्न तोच होता: मंडप घालणारा ठेकेदार स्वतंत्र, मग आयोजकांचा दोष काय? न्यायालयानं 2022 मध्ये हे मान्य केलं नाही. लोक आयोजकांच्या बोलावण्यावरून आले होते, ठेकेदाराशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. भरपाईचा 60 टक्के भार आयोजकांवर आणि 40 टक्के राज्य सरकारवर पडला. सरकारी वाटा पडला याचा अर्थ परवानगी आणि देखरेख ही नुसती शिक्क्याची बाब धरली गेली नाही.

फौजदारी बाजू याहून वेगळी चालते. जानेवारी 2024 मध्ये दिल्लीच्या कालकाजी मंदिरातल्या जागरणात लोकांच्या वजनानं मंच कोसळला, एका महिलेचा मृत्यू झाला आणि 17 जण जखमी झाले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार कार्यक्रमाला परवानगीच नव्हती, आणि गुन्हा आयोजकांवर दाखल झाला. आता निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण निष्काळजीपणा फौजदारी पातळीचा होता हे सिद्ध करणं भरपाईच्या दाव्यापेक्षा अवघड असतं, आणि जखमी माणसाच्या दवाखान्याचं बिल त्यातून सुटतंच असं नाही.

म्हणून विम्याचा प्रश्न येतो. मुंबईतल्या जीएसबी सेवा मंडळाच्या गणेशोत्सवाचा विमा 2024 मध्ये 400 कोटींच्या वर गेल्याची बातमी सगळीकडे झळकली. त्या आकड्याचा मोठा भाग स्वयंसेवक, पुजारी, सेवेकरी यांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा असतो. मंडपात आलेल्या लोकांसाठीचं सार्वजनिक दायित्व हा त्यातला वेगळा आणि बराच लहान भाग. लहान मंडळं विमा घेतात तेव्हाही बऱ्याचदा दागिने आणि मूर्तीचाच विचार आधी होतो. पॉलिसी हातात आली की त्यात हा भाग आहे का, आणि भाड्यानं आणलेलं स्टेज त्यात धरलं आहे का, हे कार्यक्रमाच्या आधी विचारून घ्यावं लागतं.