नवजात अनुकूलन : रक्तशर्करा, मूत्रपिंडे व स्तनपान

नाळ कापल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत बाळाच्या शरीरात होणाऱ्या बदलांपैकी साखरेचे नियमन, मूत्रपिंडांचे कार्य आणि आहाराची सुरुवात या तिघांचा विचार येथे केला आहे. श्वसन व रक्ताभिसरणातील बदल काही मिनिटांत, फार तर काही तासांत दिसतात. हे तीन बदल सावकाश होतात आणि एकमेकांत गुंतलेले असतात. आईला दूध उतरायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. तेवढा काळ निभावून नेण्याची सोय बाळाच्या यकृतात, चरबीत आणि अंगातल्या जादा पाण्यात असते.

गर्भाला ग्लुकोज वारेतून अखंड मिळते आणि त्याच्या रक्तातील पातळी आईच्या पातळीहून थोडी कमी असते. नाळ कापताच हा पुरवठा थांबतो. पहिल्या एक-दोन तासांत बाळाची साखर झपाट्याने उतरते. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळातही ती या वेळी दर डेसिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास दिसू शकते. पुढे इन्शुलीन घटते, ग्लुकागॉन व ॲड्रिनॅलीन वाढतात, यकृतातील ग्लायकोजेन फुटू लागते आणि तीन-चार तासांत पातळी स्वतःहून वर येते. हा साठा दहा-बारा तासांत बराचसा संपतो. त्यानंतर यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि ॲमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवते, तर चरबीपासून तयार झालेले कीटोन मेंदूला पूरक इंधन म्हणून मिळतात.

दुधाचा यातला वाटा किती, हे साध्या हिशेबाने कळते. बाळाला दर किलोमागे मिनिटाला सुमारे ५ मिलिग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे ३ किलोच्या बाळाला दिवसाला जवळजवळ २२ ग्रॅम. पहिल्या दिवशी अंगावरून मिळणारा चीक बहुधा ३०-४० मिलिलिटर असतो आणि त्यातली साखर दोन ग्रॅमच्या आतबाहेर. गरजेचा दहावा भागही चिकातून येत नाही; बाकीचे बाळ स्वतःच पुरवते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा गर्भात खुरटलेल्या बाळांपाशी हा साठा अपुरा असतो. मधुमेही आईच्या बाळात साठा भरपूर, पण चढलेले इन्शुलीन त्याला आणि कीटोन तयार होण्यालाही कुलूप लावते. म्हणून या बाळांची साखर ठरवून तपासतात.

किती साखर म्हणजे ‘कमी’, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर नाही. सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा लिटरला २.६ मिलिमोल, म्हणजे सुमारे ४७ मिलिग्रॅम. तो प्रामुख्याने १९८८ सालच्या दोन ब्रिटिश अभ्यासांतून रूढ झाला. त्यांतला ल्यूकस व सहकाऱ्यांचा अभ्यास मुदतपूर्व बाळांचा होता : ज्यांची साखर पाच किंवा अधिक दिवस या पातळीखाली आढळली, त्यांचा विकास दीड वर्षाच्या वयात मागे दिसला. कोह व सहकाऱ्यांच्या अभ्यासात जेमतेम १७ मुले होती आणि ती सर्व नवजातही नव्हती. त्यात मेंदूच्या विद्युत प्रतिसादातील बदल मोजले होते. पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पहिल्या दिवसाला हा आकडा लावणे दोन्हींवरून सिद्ध होत नाही. ल्यूकस यांनीही कारण-परिणामाचा दावा केला नव्हता. कॉर्नब्लाथ व इतरांनी २००० साली ‘व्याधीची सीमा’ याऐवजी ‘कृतीची सीमा’ ही कल्पना मांडली : या पातळीखाली लक्ष घाला, उपाय करा, पण इथे इजा सुरू होते असे समजू नका. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत ३५ आठवड्यांनंतर जन्मलेल्या, जोखमीच्या ६८९ बाळांत ३६ आणि ४७ या दोन सीमांची तुलना झाली. दीड वर्षांनी विकासात खालच्या सीमेचा गट मागे नव्हता. कॉर्नब्लाथ यांची मांडणी अधिक समंजस वाटते. मात्र थरथर, मलूलपणा, श्वास थांबणे किंवा झटके असतील, तर आकड्याचा वाद बाजूला ठेवून शिरेतून ग्लुकोज द्यावेच लागते.

मोजणीतही एक अडचण आहे. टाचेतून थेंब घेऊन पट्टीवर केलेली चाचणी नेमकी खालच्या पातळ्यांत बेभरवशाची ठरते. प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या नमुन्यात रक्तपेशी वाटेतही साखर खात राहतात, त्यामुळे तासाभराच्या विलंबाने आकडा १५-२० मिलिग्रॅमनी खाली येऊ शकतो.

मूत्रपिंडांची गाळण्याच्या एककांची संख्या सुमारे ३६ आठवड्यांच्या गर्भात पूर्ण होते. पण उत्सर्जनाचे काम जन्मापर्यंत वार करत असते. जन्मसमयी गाळणाचा वेग प्रौढाच्या मानाने (शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब धरूनही) साधारण पाचवा हिस्सा असतो, दोन आठवड्यांत तो दुप्पट होतो आणि प्रौढ पातळी एक ते दोन वर्षांत येते. बहुतेक बाळे पहिली लघवी २४ तासांत करतात. बाळ पातळ लघवी करू शकते, घट्ट मात्र प्रौढाच्या निम्मीच. केंब्रिजचे मॅकॅन्स यांनी या उणिवेवर बरेच काम केले. मात्र वाढते बाळ प्रथिने शरीर बांधण्यात खर्च करते, त्यामुळे मूत्रपिंडांवर भार थोडाच पडतो, हेही त्यांनीच दाखवले. आईच्या दुधावर ही मूत्रपिंडे पुरेशी असतात. प्रमाणाबाहेर घट्ट कालवलेल्या पावडरीच्या दुधावर नसतात.

पहिल्या दिवसांत पेशींबाहेरचे जादा पाणी लघवीवाटे जाते आणि वजन ५ ते ७ टक्के घटते. दुपट्यावर दिसणारा विटकरी डाग बहुधा यूरिक आम्लाच्या स्फटिकांचा असतो, रक्ताचा नव्हे. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याची चिंता नको. वजन साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या पातळीवर येते.

दूध उतरण्यास वार पडल्यावर प्रोजेस्टेरोन घसरणे कारणीभूत असते. हा उशीर जुन्या वैद्यांच्याही नजरेस आला होता : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तीन-चार रात्रींनी दूध येते असे म्हटले असून तोवर मध-तूप सांगितले आहे. संहितेचा काळ वादग्रस्त असून तिचे आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्थिरावले असावे. चीक पिळून टाकण्याची रीत याच उपदेशातून निघाली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मध मात्र आज वर्ज्य मानतात. त्यातील बोट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजू शकतात.

हे तिन्ही धागे कसे तुटतात ते नमुन्यादाखल पाहू. पहिलटकरणीची ३ किलोची मुलगी, दिवस उन्हाळ्याचे. घरचे म्हणतात, ‘फार गुणी आहे, रडतसुद्धा नाही.’ पाचव्या दिवशी वजन २.५८ किलो, म्हणजे १४ टक्के घट. दिवसभरात दोनदाच लघवी, विटकरी डाग अजून येतात, शी काळीच आहे. रक्तातले सोडियम लिटरला १६२ मिलिमोल, म्हणजे फार चढलेले. बाळ शांत नव्हते, गळून गेले होते. पकड नीट नसल्याने स्तन रिकामा होत नव्हता. अशा दुधात सोडियमही चढेच राहते. पाण्याची तूट वाढली तरी मूत्रपिंडे लघवी पुरेशी घट्ट करू शकत नव्हती. उपचार घाईने करायचे नसतात : सोडियम तासाला अर्ध्या मिलिमोलपेक्षा वेगाने उतरवले, तर मेंदूत पाणी शिरून झटके येऊ शकतात. दोन दिवस मोजून द्रव, दर काही तासांनी रक्ततपासणी, आणि त्याच वेळी आईचे दूध पिळून वाटी-चमच्याने पाजणे, असा क्रम असतो.